पाठीवर किटली असलेली दाना

नावावर माझा विश्वास होता. धंदाच तसा आहे. जुन्या पनवेलात माझं कपडे भाड्याने द्यायचं दुकान आहे. शाळांचं गॅदरिंग, सोसायट्यांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा, नवरात्रातले कार्यक्रम असं सगळं इथून जातं. माळ्यावर साडेतीनशे पिशव्या आहेत, प्रत्येक पिशवीला नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे वहीत नाव. माणूस आला, नाव म्हणाला, मी वही उघडली, नंबर काढला, पिशवी हातात. चौदा वर्षांत या पद्धतीने मला कधी दगा दिला नव्हता, म्हणून तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याला मी उभंही केलं नसतं.

डिसेंबर दोन हजार बाराच्या पहिल्या आठवड्यात फहमिदा दुकानात आली. सोबत तिची सहा वर्षांची मुलगी, यूम्ना. दोघी जुलैतच कुवेतहून परतल्या होत्या. नवरा दाऊद तिकडेच, एका कंपनीत फोरमन. मुलगी इथल्या शाळेत शिकावी असं ठरलं आणि यूम्नाला कामोठ्याच्या शाळेत पहिलीत घातलं होतं.

"ताई, गॅदरिंगसाठी ड्रेस पायजे," फहमिदा म्हणाली. "विषय आहे, माझं आवडतं कार्टून. हिला दाना व्हायचंय."

वही उघडली. द. दामिनी, दुर्गा, द्राक्षं, दधीची. दाना नाही.

"दाना नाही आमच्याकडे. दुसरं काही घ्या ना. परी आहे, फुलपाखरू आहे."

यूम्नाने आईचा दुपट्टा घट्ट धरला आणि मान हलवली. फहमिदाने तिला काउंटरपासून जरा लांब उभं केलं आणि आवाज खाली आणला.

"तिला तेच पायजे ताई, त्याला कारण आहे. वर्गात तिने सांगितलं, मी रोज दाना बघायचे. पोरं म्हणाली असं कार्टूनच नाय. आता तिला खोटारडी म्हणतात. अब्बा कुवेतला असतात ते पण खोटं, म्हणे. डब्याला कोणी शेजारी बसत नाय. रात्री मला विचारते, अम्मी, दाना खरी आहे ना? आमच्या सासूबाईंनी घरात केबल घेतलेली नाय, नायतर दाखवली असती. टीचरनी वर चिठ्ठी पाठवली, सगळ्यांना माहीत असलेलंच पात्र घ्यावं. मी म्हटलं, खुदा करो, एकदा ही दाना होऊन स्टेजवर गेली की पोरांची तोंडं बंद होतील."

माझ्या घरात लहान मूल नाही आणि कार्टून मी बघत नाही. पण सहा वर्षांच्या पोरीला खोटारडी म्हणतात हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, होईल. पंधरा दिवस आहेत. नवीन शिवून देते. एवढं सोपं वाटलं मला.

दुकानातल्या कॉम्प्युटरला डोंगलचं इंटरनेट होतं. त्याचा वेग असा की चहा करून, पिऊन, कप धुवून यावं तेव्हा एक फोटो उघडावा. मी इंग्रजीत टाकलं, दाना कार्टून. आली की एक दाना. सोनेरी केस, गुलाबी फ्रॉक, डोक्यावर मुकुट, खाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं. झालं काम. प्रिंट काढली आणि आमच्या शिंपीकाकांच्या हातात दिली.

कमळाकरकाका बेलपाड्याचे. वय सत्तरीच्या जवळ. खारघर झालं तेव्हा गावाच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, पण काकांनी आपलं मशीन आणि आपली बोली दोन्ही तशीच ठेवली. त्यांना एकाही पात्राचं नाव येत नाही. मी कधीतरी नाव सांगितलं तर म्हणतात, "नाव नको सांगू ताय, गला दाखव, बाही दाखव."

चार दिवसांत फ्रॉक तयार झाला. सुंदर झाला होता. जाळी, चमकी, सगळं. फहमिदा आणि यूम्नाला फोन करून बोलावलं. मी फ्रॉक हँगरवर लावून पुढे धरला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

यूम्नाने फ्रॉककडे पाहिलं, मग माझ्याकडे. रडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ही दाना नाय." आणि मग आईला, "आंटीला पण माहीत नाय. म्हणजे नसेलच."

तिथे मला माझाच राग आला आणि तो मी बाहेर काढला काकांवर. एवढी जाळी कशाला लावलीत, कापड फुकट गेलं, असं काहीबाही बोलले.  काका एवढंच म्हणाले, "तू फोटो दिलास तसा मी शिवला. पोरीला कुनी इचारलं व्हतं?" आणि पिशवी उचलून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. निरोप आला, अंगात कणकण आहे. कणकण कुठे होती ते मला कळत होतं.

राहिले नऊ दिवस. मी पुन्हा कॉम्प्युटरला बसले. अरबी दाना, कुवेत दाना, मुलांची दाना, जे सुचेल ते टाकलं. एक गायिका आली, एक बिस्किटांचा डबा आला, खऱ्याखुऱ्या दाना नावाच्या दोनशे मुली आल्या. वैतागून मी माझ्या मामेभावाला, कुंदनला फोन लावला. कुंदन खारघरला राहतो आणि मुंबईच्या स्टुडिओंसाठी परदेशी कार्टूनचे हिंदी संवाद लिहितो. सगळी कर्मकहाणी ऐकून तो हसला. मला हसू येत नव्हतं.

"विनूताई, नावाने शोधतेस? नाव ही त्या पात्राची सगळ्यात कच्ची गोष्ट. ते तर आम्हीच बदलतो."

"का पण? आईबापांनी ठेवलेलं नाव तुम्ही कोण बदलणारे?"

"शंभर कारणं असतात. मूळ नावाचा आपल्याकडे काहीतरी वाईट अर्थ निघतो. नाहीतर मुळात अर्थ असतो, तो इथे कुणाला कळत नाही. कधी त्या नावाने दुसऱ्या कंपनीने आधीच खेळणी काढलेली असतात, मग त्या देशात ते नाव वापरता येत नाही. तोंडाची हालचालही बघावी लागते. चित्रात ओठ दोनदा उघडले तर पाच अक्षरांचं नाव बसवू कसं? आणि अरबी डबिंग एकाच वेळी दहा-पंधरा देशांत दाखवतात, तेव्हा तिथे सगळीकडे चालेल असं नाव घेतात. ही कार्टूनं बहुधा मूळची जपानी, पण आम्ही पुष्कळदा जपानी बघतही नाही, इंग्रजीवरून हिंदी करतो. म्हणजे तिथे एकदा बदललेलं नाव इथे पुन्हा बदलतं. एकदा तर चॅनेलवाल्यांनी मला सांगितलं, ही मुलगी आहे तिचा मुलगा करा, मुलीचं कार्टून मुलगे बघणार नाहीत. केला. आवाज मुलाचा, क्रियापदं मुलाची. चित्र तेच."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण लाजेला कोण विचारतो? ते जाऊ दे. मुद्दा ऐक. नाव, आवाज, गाणी सगळं बदलतं, पण चित्र कोणी पुन्हा काढत नाही. हजारो चित्रं असतात, कोण काढणार? फार तर एखादा तुकडा कापतात. म्हणून पात्राला त्याच्या दिसण्यावरून शोध. पोरीला चित्र काढायला सांग. आणि रंगावर जाऊ नकोस. टीव्हीचा रंग वेगळा, खेळण्याचा वेगळा. आधी अंगाचा आकार बघ, मग त्याच्या अंगावर असं काय आहे जे दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही, ते बघ. तेच पहिलं टाकायचं."

हे मला चौदा वर्षं काका सांगत होते. गला दाखव, बाही दाखव. पण ते पडले शिंपी, त्यांचं कोण ऐकतं!

संध्याकाळी फहमिदाला पुन्हा बोलावलं. यूम्नाला माझ्यावर आता भरवसा नव्हता. खुर्चीत अशी बसली होती की जणू मी दात काढणारी डॉक्टर आहे. मी वहीचं पान फाडलं, खडू दिले आणि म्हटलं, "दाना काढ. मी तिला बघितलेलं नाही, मला सांग कशी आहे ती."

तिने काढली. गोल अंग. एक कान उभा, एक दुमडलेला. डोळ्यांखाली दोन-दोन रेघा. हाताला तीनच बोटं, ती तिने मोजून काढली. अंग जांभळं. आणि पाठीवर, पट्ट्यांनी बांधलेली, चक्क चहाची किटली.

"दानाला गुस्सा आला की धूर येतो," ती म्हणाली. दुकानात आल्यापासून तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

"ही जांभळी आहे?" मी विचारलं.

"निळी. पण तुमचा निळा खडू तुटलाय."

मी आधी शॉर्टकट मारला. नेटवर फोटो टाकून फोटो शोधता येतो हे ऐकलं होतं. यूम्नाच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटरवर चढवला, दिला. बारा मिनिटांनी उत्तर आलं. रेघांच्या वह्या. वह्यांचे फोटो, जांभळे पडदे आणि कुठल्यातरी परदेशी पोराने काढलेलं वांगं. मशीनला रेघांचा कागद दिसला, दाना नाही दिसली. फहमिदा म्हणाली, "जाऊ द्या ताई, फुलपाखरू द्या."  यूम्नाने चित्र उलटं करून ठेवलं, आणि ते बघून मी ठरवलं की आता मेले तरी फुलपाखरू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं बंद करून बसले. आता चित्राचे शब्द केले. पाठीवर किटली, कार्टून, इंग्रजीत. आल्या किटल्या. विकायच्या किटल्या, तांब्याच्या, विजेच्या, कार्टून छापलेल्या. कुंदनने फोनवर सांगितलं की नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह टाक. मी 'किंमत' वजा केली, 'स्वयंपाकघर' वजा केलं. मग एक कान दुमडलेला हे जोडलं, जपानी जोडलं, टीव्ही मालिका जोडलं. मग लाइट गेली. मग लाइट आली आणि डोंगल रुसलं. मी त्या डोंगलला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला चित्रांच्या आठव्या पानावर ती दिसली. नखाएवढा फोटो होता. मी यूम्नाचं चित्र शेजारी धरलं आणि एकेक खूण तपासली. किटली, आहे. दुमडलेला कान, आहे, आणि डावाच. डोळ्यांखालच्या रेघा, आहेत. बोटं, तीन. रंग निळसर करडा, पण रंग मी शेवटी बघितला. पान ब्राझीलमधलं होतं, पोर्तुगीज भाषेतलं, आणि तिथे तिचं नाव होतं शिआदो. म्हणजे एवढं करून हाती आलं ते आणखी एक नाव, जे पनवेलात कुणी बापजन्मात ऐकलेलं नाही.

पण आता माझ्याकडे स्वच्छ चित्र होतं. तेच चित्र मी फोटोवरून शोधायला दिलं, आणि या वेळी मशीनने ओळखलं. वह्या नाहीत, वांगी नाहीत. सगळीकडे तीच ती, किटली घेऊन. फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, भराभरा पानं. त्यातल्या एका पानावर कुणा भल्या माणसाने देशांची यादी केली होती. जपानमध्ये युगे, म्हणजे वाफ. इंग्रजीत विझी. ब्राझीलमध्ये शिआदो. पुढे अरबी अक्षरं होती, ती मला वाचता येईनात. नेट पुन्हा अडकलं आणि खालची यादी अर्धवट राहिली.

तेवढ्यात दारात कमळाकरकाका उभे. तीन दिवसांचा राग पुरेसा झाला असावा. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, आणि जाता जाता काउंटरवरचं यूम्नाचं चित्र उचललं.

"यो कशाला काढलाय?"

"तीच ती दाना, काका. सापडली एकदाची. पण आता ही किटली शिवणार कधी आणि बसवणार कधी? आठच दिवस राहिलेत."

काकांनी चित्र लांब धरून बघितलं. "शिवायची कशाला? ही आपल्याकरं हाय."

मला वाटलं, अजून चिडवतायत.

"काय बोलताय काका?"

"आगो मीच शिवलाय. दोन-तीन वर्सं झाली. किटली थर्माकोलची, वरून रेक्झिन. कानात तार घातलीय, दुमडून ऱ्हावा म्हनून. त्या तारेनं माझा अंगठा फारला व्हता, टाका घातला डॉक्टरनं. मी रंग नाय बगत, कटिंग बगतो. ह्यो त्योच."

"मग नाव काय होतं त्याचं?"

"नाव मला कवा ठावं असतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, पण इथे कळसा काखेत आहे हे कळूनही काख सापडत नव्हती. साडेतीनशे पिशव्या, सगळ्या तोंड शिवलेल्या, कारण माळ्यावर उंदीर आहेत. वहीत फक्त नावं. 'किटली' असं मी कुठे कशाला लिहीन? नाव लिहून झालं की पिशवीत काय आहे ते मी विसरूनही जायचे. ज्या पद्धतीचा मला एवढा अभिमान होता, तिने माझ्याच दुकानातली वस्तू माझ्यापासून लपवली होती. मी शिडी लावून दहा-बारा पिशव्या उसवल्या. गाजर निघालं, रामाचा मुकुट निघाला, दोन मासे निघाले.

सहा वाजता फहमिदा यूम्नाला घेऊन आली आणि त्याच वेळी ती यादी पूर्ण उघडली. मी फहमिदाला अरबी अक्षरं दाखवली. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि कुराण वाचायला शिकवावं तसं एकेक अक्षर म्हटलं, "दाल… अलिफ… नून… गोल ते. दाना! ताई, दानाच लिहिलंय." यूम्ना उडी मारून खुर्चीवर चढली. त्याच्या दोन ओळी खाली होतं, भारत, हिंदी: गरमू.

ग. गरुड, गरमू, गवळण. पिशवी नंबर एकशे अठ्ठ्याण्णव.

काकांनी पिशवी खाली ओढली, टाके कापले. करड्या कापडाचा गोळा बाहेर आला, एक कान ताठ, एक दुमडलेला. किटलीला जरा पोचा आला होता. यूम्ना क्षणभर बघत राहिली आणि मग तिने किटलीलाच मिठी मारली. "दाना! अम्मी, दाना!" आणि माझ्याकडे वळून अगदी हिशेबीपणे, "म्हणजे ती आहे."

"आहे गं बाई, आहे," मी म्हटलं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी काकांना म्हटलं, "पोटावर गरमू शिवलंय ते उसवा." काकांनी माझ्याकडे न बघता कात्री घेतली. त्यांची माफी मी तेव्हा मागितली नाही, नंतर मागितली. त्यांनी ऐकली नाही असं दाखवलं.

आता सगळं जुळलं होतं. गरमू इथे केबलवर रोज लागतो असं कुंदनने सांगितलं. वर्गातली मुलं गरमू बघतात, म्हणजे वर्गातली मुलं दानाच बघतात. एवढं एकदा त्यांना कळलं की झालं. मी मुख्य गोष्ट कागदावर नीट लिहून शाळेत जाऊन वर्गशिक्षिका पद्मजाबाईंच्या हातात दिली: मुलीच्या पात्राचं अरबी नाव दाना, तेच हिंदीत गरमू, कृपया दोन्ही नावं सांगावीत. यूम्नाने घरी एक वाक्य पाठ केलं. माझं नाव दाना, तुमच्याकडे मला गरमू म्हणतात.

गॅदरिंगला मी गेले. कपडे चढवायला जावंच लागतं, पण त्या दिवशी मी त्यासाठी गेले नव्हते. विंगेत यूम्ना किटली सांभाळत उभी होती आणि ओठांत वाक्य घोळवत होती. मी पद्मजाबाईंना आठवण करून दिली.

"हो हो, वाचलं," त्या घाईत म्हणाल्या. "पण दोन-दोन नावं कशाला? मुलं गोंधळतात. जे माहीत आहे तेच बरं."

"बाई, अहो, सगळा खटाटोप त्या एका नावासाठीच..."

त्या माइकपाशी पोचल्याही होत्या. "आणि आता येतोय, तुमचा सगळ्यांचा लाडका, गरमू!"

जो काही गलका झाला! पुढच्या चार रांगा उभ्या राहिल्या. गरमू! गरमू! यूम्ना स्टेजच्या मधोमध गेली. एवढा आवाज तिच्यासाठी कोणी कधी केला नसेल. ती माइकसमोर थांबली, समोर बघितलं, विंगेत माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी म्हटलं, दाना. ती माइककडे वळली.

"मी गरमू," ती म्हणाली.

आणि टाळ्या. मला त्या टाळ्या बंद कराव्याशा वाटल्या. पहिलं बक्षीसही मिळालं, प्रमाणपत्रावर पात्राच्या जागी गरमू लिहून. घरी येताना रिक्षात मी एकटीच तणतणत होते. पंधरा दिवस राबून मी काय केलं? पोरीला मैत्रिणी मिळवून दिल्या आणि बदल्यात तिच्याकडून तिची दाना काढून घेतली. तिच्या तोंडूनच तिला खोटं पाडलं.

मंगळवारी दोघी ड्रेस परत करायला आल्या. फहमिदाचा चेहरा उजळला होता. "ताई, आता वर्गात गरमू म्हणतात हिला. डब्याला चौघीजणी येऊन बसतात. ज्या पोराने खोटारडी म्हटलं होतं तो हिला खिडकीची जागा देतो."

"वा," मी म्हटलं. त्यात जीव नव्हता.

इतक्यात फहमिदाचा फोन वाजला. कुवेतहून दाऊद. जेवणाच्या सुट्टीत करतो रोज. तिने स्पीकर लावून फोन काउंटरवर ठेवला.

"काय गो, कशी आहे माझी दाना?" मशीनच्या, माणसांच्या गोंगाटातून आवाज आला. "स्टेजवर गेली ना? पोरांना दाखवली ना?"

यूम्ना काउंटरवर हनुवटी टेकवून उभी होती. "अब्बा, मी गरमू झाले."

"कोण?"

"गरमू. पहिला नंबर आला."

 शुक्रवारी तिकडे सुट्टी असते, तेव्हा सकाळी बाप-लेक एका चादरीत बसून दाना बघायचे, हे फहमिदाने मला सांगितलं होतं. त्याला ते आठवत असणार. मग तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न त्याला जमला नाही, "बरं. छान. मला माहीत नाय ना गरमू कोण ते. इथे नसतो तो."

मी खाली बघून वही चाळायला लागले.

"असतो ना," यूम्ना म्हणाली. "अब्बा, तुम्ही नाव नका बघू. मी सांगते. एक कान उभा आहे. एक कान असा, खाली."

"हां."

"डोळ्याच्या खाली दोन रेघा. बोटं तीन."

तिकडचा आवाज पुढे आला, फोन कानाला घट्ट लावल्यासारखा. "आणि पाठीवर?"

"तुम्ही सांगा," यूम्ना म्हणाली.